पट्टीने मारलेली रेघ

पाणी-तपासणी प्रयोगशाळेतल्या ऑपरेटरबाईंच्या नीटनेटकेपणाचे सगळ्यांना कौतुक. नोंदवहीच्या स्कॅन केलेल्या पानांवर संगणक रेघा ओळखून चौकटी आखी. बाई त्या तपासून संगणकाकडून आकडे वाचून घेत आणि तक्ता एक्सेलमध्ये उतरवीत. एकदा संगणकाने एका ओळीच्या मधोमध जास्तीची रेघ पकडली. बाईंनी ती चित्रातून पुसली आणि आकडे स्वच्छ वाचले गेले.

त्या आकड्यांवरून एक विहीर बंद झाली.

म्हाताऱ्या रसायनतज्ज्ञांनी मूळ पान पुढे केले. रेघ लाल शाईची होती. काळ्यापांढऱ्या स्कॅनमध्ये ती छापील वाटली होती.

"नमुन्याची बाटलीच अस्वच्छ होती, बाई. म्हणून ती तपासणी मी खोडली होती."

"मला वाटलं, यंत्रच चुकलं."

"माझंही चुकलंच. मेली ती पट्टी! वेडीवाकडी रेघ मारली असती, तर कोणी फसलं नसतं."

या दिलाशाने बाई अधिकच ओशाळल्या. मूळ वही त्यांच्या पाठीमागच्याच कपाटात होती.

संध्याकाळी विहिरीवरची पाटी काढायला शिपाई निघाला, तेव्हा त्याही सोबत गेल्या. रिकाम्या बादल्या घेतलेल्या बायकांतली एक म्हणाली, "कोणत्या शहाण्यानं बंद केली होती हो?"

शिपाई पाटी उतरवू लागला. बाईंची मान वर होईना.

"मी," त्या म्हणाल्या.