गर्ग्यांचा बॉट आणि मंगलाबाईंची डब्यांची रांग

दिवाकर गर्गे आमच्याच इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर राहतात. ओझरच्या विमान कारखान्यात चौतीस वर्षं तपासनीस होते. नट अर्ध्या केसाइतका जरी मोठा निघाला तरी लाल शिक्का मारून परत. निवृत्त झाले तेव्हा कारखान्याला काय वाटलं ते ठाऊक नाही, पण इंदिरावहिनींच्या पोळ्यांवर संकट आलं हे अख्ख्या इंदिरानगरला ठाऊक आहे. गर्गे पोळी प्रकाशासमोर धरून बघायचे म्हणे. म्हणे कसलं, वहिनींनीच आमच्या हिला सांगितलं.

त्याच सुमारास सोसायटीला सेक्रेटरी मिळेना. सोसायटीचं नाव अमृतधारा आणि पाणी एक दिवसाआड. त्यामुळे सेक्रेटरी म्हणजे रोज सकाळी बारा बिऱ्हाडांच्या शिव्या खायचा मान. चेअरमन जयराम बोरस्ते यांची नजर गर्ग्यांवर पडली. गर्गे दुसऱ्याच दिवशी घोषणा करून मोकळे झाले, "मला वेळ नाही. मी व्यवसाय सुरू केलाय. छोट्या दुकानदारांना व्हॉट्सअ‍ॅपवर उत्तरं देणारा बॉट करून देतो."

खोटं नव्हतं ते. पुण्याच्या भाच्याकडून, श्रेयसकडून, दोन महिने शिकले होते. फक्त गिऱ्हाईक एकही नव्हतं.

इंदिरावहिनी पक्क्या. जिन्यात, बोरस्त्यांच्या देखत म्हणाल्या, "एक गिऱ्हाईक आणा आणि त्यानं दुसऱ्या महिन्याची फी आपण होऊन दिली पाहिजे. पहिला महिना काय, भिडेखातर कुणीही देतं. नाही दिली तर सेक्रेटरी व्हायचं."

"मंजूर," गर्गे म्हणाले. बोरस्त्यांनी तिथल्या तिथे हात मिळवला. साक्षीला आम्ही होतोच, पायपुसणं झटकण्याच्या निमित्तानं.

गिऱ्हाईक मिळालं ते मंगलाबाई निमसे. बसथांब्यामागे त्यांचं मसाला कांडप केंद्र आहे. मार्च ते मे तिथं मिरची कुटायचा डंक दिवसभर धाडधाड चालतो आणि गल्लीतलं कुत्रंसुद्धा शिंकतं. त्या तीन महिन्यांत मंगलाबाईंचे हात कोपरापर्यंत मिरचीत, आणि फोन खिळ्याला टांगलेल्या पिशवीत वाजत असतो. एकदा तसल्याच हातानं फोन घेतला आणि मग डोळा चोळला. ती गोष्ट त्या स्वतःच हसत सांगतात, पण आता. त्या दिवशी हसत नव्हत्या.

गर्गे आलेखाचा कागद घेऊन गेले. पेन्सिलीनं चौकटी, चौकटींना बाण, कोपऱ्यात ‘आवृत्ती अ’.

"गिऱ्हाईक काय काय विचारतं?" त्यांनी विचारलं.

"काय नाय विचारत ते सांगा," मंगलाबाई म्हणाल्या. "डंक चालू हाय का, किलोला किती घेता, मिरची कशी आणू, दुकान कुठं, माझा नंबर कधी लागंल. दिवसातून लय वेळा, तेच ते."

"पाच प्रश्न!" गर्ग्यांचा चेहरा खुलला. "पाचच. सहावा आला तर वेगळी फी. सगळं कागदावर लिहून घेऊ, म्हणजे नंतर तुमची तक्रार नको आणि माझी नको."

मंगलाबाईंनी हिशेबाचं विचारलं, ते रास्तच होतं. फोनातलं व्हॉट्सअ‍ॅपचं बिझनेस अ‍ॅप फुकट असताना पैसे कशाचे? गर्ग्यांनी समजावलं. त्या फुकटच्या अ‍ॅपात स्वागताचा निरोप जातो, दुकान बंद असल्याचा निरोप जातो, ठरावीक उत्तरं साठवून ठेवता येतात. पण ती साठवलेली उत्तरं आपल्यालाच बोटानं धाडावी लागतात, आणि बोट तर मिरचीत. आपोआप प्रश्नोत्तरं हवी असतील तर फोनचा नंबर एका कंपनीमार्फत जोडावा लागतो. तिच्या संकेतस्थळावर चौकटी ओढून बाण जोडले की बॉट तयार, प्रोग्रॅम लिहावा लागत नाही. त्या कंपनीचे महिन्याला हजार. गर्ग्यांची देखरेख महिन्याला पाचशे. एकदाच करणावळ तीन हजार. नंबर जुनाच, आणि तो फोनवरही चालू राहील, तशी सोय हल्ली मिळते.

"आणि मेसेजचे?"

"गिऱ्हाइकानं आधी लिहिलं, तर पुढचे चोवीस तास आपण उत्तर द्यायला पैसे पडत नाहीत. आपण होऊन लिहायचं असेल, समजा ‘डंक सुरू झाला, या’, तर मजकूर आधी मंजूर करून घ्यायचा, ज्यांनी हो म्हटलंय त्यांनाच धाडायचा, आणि दर मेसेजला पैसे."

मंगलाबाई म्हणाल्या, "म्हंजे आमच्या जावंसारखं. ती आधी बोलली तर ठीक. आपण आधी तोंड उघडलं की महागात पडतं."

गर्ग्यांनी ही उपमा कागदावर घेतली नाही. ते म्हणाले, "शेवटी ‘ताईंशी बोला’ असा एक पर्याय ठेवतात. मी ठेवणार नाही. सगळे तेच दाबतील, मग बॉट कशाला?"

इथं चूक झाली. पण तपासनिसाची चूक त्याला कोण दाखवणार?

आठ दिवस घरात चाचणी चालली. एका निरोपाखाली तीनच बटणं बसतात आणि पर्याय पाच, म्हणून बटणांऐवजी यादी केली. इंदिरावहिनी गिऱ्हाईक व्हायच्या. मुद्दाम ‘मिर्ची’, ‘मीरची’, ‘तिखट’ असं लिहायच्या, गर्गे तेही शब्द आत घालायचे. नंबर लावण्याची युक्ती त्यांची लाडकी होती. गिऱ्हाइकानं घरबसल्या पाचवा पर्याय निवडायचा, बॉट पुढचा नंबर देणार, आणि नाव आपोआप एका तक्त्यात जाणार. एकसष्ट चाचण्या, एकही दोष नाही. गर्ग्यांनी आलेखावर हिरवा शिक्का मारला. शिक्का घरात होता, हे विशेष.

मात्र या आठ दिवसांत गर्गे एकदाही सकाळी कांडप केंद्रावर जाऊन उभे राहिले नाहीत. माल टेबलावर येतो आणि आपण तपासतो, ही चौतीस वर्षांची सवय.

बॉट सुरू झाल्यावरच्या पहिल्या रविवारी आम्ही सकाळी दूध आणायला निघालो ते कांडपाकडूनच. दूध उलट्या दिशेला मिळतं, पण ते असो.

मंगलाबाईंकडे बायका पहाटे डबा आणून रांगेत ठेवतात. वर चिठ्ठी, नाहीतर ओळखीचं फडकं. डबा ठेवला की बाई घरी जाते, पोरांचे डबे करते, नवऱ्याशी भांडते, दहाला परत येते. तिचा डबा जिथं असेल तिथं तिचा नंबर. या रांगेत आजवर कुणी डबा सरकवलेला नाही. मंगलाबाईंनी गर्ग्यांना हे सांगितलं नव्हतं, कारण सूर्य पूर्वेला उगवतो हेही त्यांनी सांगितलं नव्हतं.

त्या रविवारी दारात एकोणीस डबे होते, आणि फोन दाखवत आलेल्या सव्वीस बायका.

"माझा तिसरा नंबर आहे," तेजश्री नावाची एक नोकरीवाली मुलगी म्हणाली. "हे बघा, आलाय मेसेज."

चतुराबाई तिथल्या सगळ्यांत जुन्या गिऱ्हाईक. त्यांचा पितळी डबा पहिला होता. "तिसरा? तुझा डबा कुठं हाय?"

"डबा गाडीत आहे."

"मग गाडीतच कांडून घे!"

मंगलाबाई मधे उभ्या, दोन्ही हात लाल. फोन पिशवीत वाजतच होता. कुणा रंगूबाईंनी आवाजी निरोप धाडला होता, की सुनेचं डोहाळेजेवण आहे, मसाला गुरुवारच्या आत हवा, तिखट कमी कर गं. बॉटचं उत्तर: ‘क्षमस्व, समजले नाही. कृपया यादीतून निवडा.’ त्यांनी परत निरोप पाठवला, जरा मोठ्यानं. परत क्षमस्व. पाचव्या क्षमस्वला रंगूबाई स्वतःच काठी टेकत आल्या.

"मंगल, तुझ्याकडं कोण बाई ठेवलीस गं उत्तर द्यायला? काही केल्या ऐकंना! माझी सूनबी इतकं नाय करत."

मंगलाबाईंनी गर्ग्यांना बोलावणं धाडलं. गर्गे आले, तक्ता पाहिला, म्हणाले, "तक्ता बरोबर आहे. एक ते सव्वीस, एकही नंबर चुकलेला नाही."

"तक्ता बरोबरच हाय, साहेब," मंगलाबाई शांतपणे म्हणाल्या. त्यांचा शांतपणा डंकापेक्षा जास्त ऐकू येतो. "डबेबी बरोबर हायत. आता कुणाला घरी पाठवू, ते तुमचा बॉट सांगंल का? ही चतुराबाई माझ्या पहिल्या उन्हाळ्यापासून येते. ती गेली तर निम्मी गल्ली जाईल तिच्या मागं."

गर्गे कोपऱ्यात पोत्यावर बसले आणि दुपारी दोनपर्यंत रांग बघत राहिले. दोन वेळा शिंकले, डोळे पुसले. ते मिरचीनंच, असं ते म्हणतात.

बोरस्ते संध्याकाळी जिन्यात भेटले तर त्यांच्या हातात सोसायटीच्या कपाटाच्या किल्ल्या होत्या. नुसत्या वाजवत होते.

‘आवृत्ती ब’ दोन दिवसांत झाली. नंबर देणं काढून टाकलं. पाचव्या पर्यायाचं उत्तर आता असं: ‘नंबर डब्यानेच लागतो. डबा सकाळी सहापासून ठेवता येईल. मिरची वाळवून, देठं काढून आणावी.’ यादीच्या शेवटी सहावा पर्याय आला, ‘ताईंशी बोलायचंय’. तो निवडला, किंवा आवाजी निरोप आला, की बॉट फक्त नाव विचारतो, ‘ताई दोन ते चारमध्ये फोन करतील’ एवढं सांगतो आणि त्या माणसापुरता गप्प बसतो. दोन ते चार डंक थंड करायला बंदच असतो, हे गर्ग्यांना पोत्यावर बसून कळलं होतं. सहाव्या पर्यायाची वेगळी फी त्यांनी मागितली नाही.

आता बघा, सगळे काही तो सहावा दाबत नाहीत. दिवसाला चाळीस चौकश्या आल्या तर सहा-सातच. बाकीच्यांना दर आणि वेळ कळली की झालं. तेजश्रीनं पुढच्या रविवारी साडेसहालाच डबा आणून ठेवला, तोही चतुराबाईंच्या पुढे, आणि त्यावरून वेगळं महाभारत झालं, पण त्यात बॉटचा काही दोष नव्हता.

महिना भरला त्या संध्याकाळी मंगलाबाई स्वतः तीन जिने चढून आल्या. हातात मसाल्याची बरणी, पदरात पंधराशे रुपये.

"पुढच्या महिन्याचे. हे कंपनीचे हजार, हे तुमचे पाचशे. आणि साहेब, जूनमधी मी डंक बंद करते. तवा बंद ठेवता येईल ना हे?"

"येईल. महिन्यापुरतीच बांधिलकी आहे. पावसाळ्यात एक रुपया नको."

इंदिरावहिनींनी पैसे मोजून घेतले. हरल्या होत्या, पण खुश दिसल्या. गर्ग्यांनी दार उघडं ठेवलं, बोरस्त्यांना ऐकू जावं म्हणून.

बोरस्त्यांना गेलंही. दुसऱ्या दिवशी ते रीतसर आले. पैज हरलो, म्हणाले. किल्ल्या खिशात ठेवल्या. मग म्हणाले, "गर्गे, सोसायटीलाच एक बॉट करून द्या. पाणी कधी, टँकर कधी, लिफ्ट कधी. कमिटीनं पैसे मंजूर केलेत. तुमचे नेहमीचेच दर."

दुसरं गिऱ्हाईक! गर्ग्यांनी लगेच आलेखाचा कागद काढला. या वेळी आधी पाण्याच्या टाकीवर चढून आले, आणि शेवटचा पर्याय सगळ्यांत आधी लिहून ठेवला: ‘माणसाशी बोलायचंय’. बोरस्त्यांना नीट समजावूनही सांगितलं, "हा पर्याय असलाच पाहिजे. त्याशिवाय मी बॉट देत नाही. आणि त्यामागं एक खरा माणूस ठरलेला पाहिजे, रोज फोन करणारा. त्याचं नाव आणि नंबर कागदावर हवा."

"बरोबर आहे," बोरस्ते म्हणाले, आणि खिशातलं पेन काढून त्या चौकटीत त्यांनी स्वच्छ अक्षरात लिहिलं: दिवाकर गर्गे, बी तीनशे दोन.

गर्ग्यांनी कागद दोनदा तपासला. आगाऊ रक्कम टेबलावर होती, अट त्यांचीच होती, आणि कागदात दोष काढायला जागा नव्हती.

आतून इंदिरावहिनींनी हिरवा शिक्का आणून दिला.