रंगरावांचा तक्ता

नव्या महाराष्ट्राची सुरुवातीची वर्षं होती. वडनेर भोलजीच्या हुतुतू मंडळाचे चिटणीस रंगराव वांग्याच्या मळ्यात एक रोप वाकडं लागू देत नसत, पण सामन्यांचा तक्ता काढायला बसले की त्यांचं डोकं गरगरायचं. मागच्या साली सहा संघ आले. त्यांनी तीन जोड्या लावल्या, तीन संघ जिंकले. त्यातले दोन पुढे एकमेकांशी भिडले आणि तिसरा न खेळताच अंतिम सामन्यात जाऊन बसला. पारावर अजून त्याचे टोमणे चालत.

यंदाही संघ सहाच. जळगाव जामोदचे पंच भगवानराव म्हणाले, "शेवटपर्यंत जोड्या जुळाले आठ संघ लागतात, त्याले दोन कमी आहेत ना? मंग दोघायले पहिल्याच फेरीत न खेळता पुढे चाल द्या. एक तक्त्याच्या वरच्या अर्ध्यात, एक खालच्या. चिठ्ठ्या टाका."

"एक बसला तं अन्याय, अन् दोन बसले तं न्याय? हे कसं काय हो?"

"चार खेळतीन, दोन जिंकतीन. बसलेले दोन धरून पुन्हा चार. मंग पुढं कोणालेच बसा लागत नाही."

रंगरावांनी फळ्यावर खडूने रेघा ओढल्या. खरंच जुळल्या. चिठ्ठीत पुढे चाल निघाली वडनेरला आणि रोहिणखेडला. बाकीचे चारही संघ कुरकुरत मैदानात उतरले. दुपारी मात्र त्यांच्यातल्याच दोन घामाघूम विजेत्यांनी ताज्या दमाच्या वडनेरला आणि रोहिणखेडला लोळवलं.

"बसवून बसवून आंग थंड पाडलं आमचं," वडनेरचा कप्तान फणकारला. "आमालेच काऊन बसवलं?"

रंगराव फळ्याशी जाऊन पुन्हा रेघा तपासू लागले. एकही चुकली नव्हती, आणि त्यानेच ते जास्त गोंधळले.