छाननीच्या दिवशी एकवीस

पुतणीचा ग्रामपंचायतीचा अर्ज माझ्यामुळे बाद झाला. तिनं काही चुकवलं नव्हतं, सगळं मी चुकवलं.

आमदारकीच्या दोन निवडणुकांत मी उमेदवाराच्या मागं कागद घेऊन पळालो होतो. तेवढ्यावर गावात कायदेपंडित झालो. आमच्या वॉर्डातली जागा महिलांसाठी राखीव निघाली आणि पुतणी म्हणाली, मी उभी राहते. वस्तीवर नळ आणायचाच म्हणून तिनं घरोघरी जाऊन लोक तयारही केले. अडचण एकच होती. तिला एकवीस वर्षं पूर्ण होत होती नेमकी छाननीच्या दिवशी. अर्जाची मुदत त्याआधी संपत होती, मधे एक सुट्टी.

"वय छाननीच्या दिवशी बघतात, पोरी," मी मिशीवर हात फिरवत म्हणालो. वहिनी, म्हणजे तिची आई, म्हणाल्या, "माझाबी एक अर्ज टाकून ठेवू का? डमी म्हनून, हिचा बाद झालाच तर." मी हसलो. "लोकं म्हनतील, यांचाच यांच्यावर इस्वास न्हाई."

शेवटच्या दिवशी श्रीगोंद्याला तहसीलमध्ये अर्ज दिला. घेणाऱ्या बाईंनी जन्मतारखेवर बोट ठेवलं, माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "छाननीत बघू." सुट्टीच्या दिवशी मी तीनदा गाडी पुसली.

छाननीला पुतणी नवी साडी नेसून आली. वाढदिवस होता ना. मी व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होतो, शिपाई म्हणाला, "बसा की, फरशी झिजंल." आमचं नाव पुकारलं. विरोधी पॅनलच्या म्हाताऱ्यानं शाळेचा दाखला पुढं सरकवला. "साहेब, वय."

"आज एकवीस पूर्ण हाय," मी म्हणालो. "आज छाननी हाय."

निवडणूक अधिकारी शांतपणे म्हणाले, "ते आमदारकी-खासदारकीला. तिथं पंचवीस लागतात, आणि छाननीच्या दिवशी बघतात. ग्रामपंचायतीला एकवीस पुरतात, पण अर्ज भरायच्या शेवटच्या तारखेला पूर्ण हवीत. त्या दिवशी यांना कमी होती."

"दोनच दिवसांचा तर फरक, साहेब."

"मग दोन दिवस कमी," ते म्हणाले आणि सही केली.

वॉर्डात दुसरा अर्ज फक्त म्हाताऱ्याच्या सुनेचा होता. म्हणजे ती बिनविरोध. म्हातारा जाताना पुतणीला म्हणाला, "वाढदिवसाच्या शुभेच्छा, बाळ." मनापासून म्हणाला, हेच वाईट.

बाहेर चिंचेखाली गाडी होती. मी म्हणालो, "पोरी, अपील करता येईल का ते बघतो. माझ्या वळखीचा एक वकील..."

पुतणीनं हात पुढं केला.

"तात्या, चावी द्या. अन् पुढच्या निवडणुकीला तुमी घरीच ऱ्हा. आई येईल माझ्यासंगं, तिला इचारायचं तरी कळतं."