पांढऱ्या चौकटीखालचा आवाज

पहाटे साडेपाचला तिचा दिवस सुरू व्हायचा. अंथरुणाला खिळलेल्या सासूला कुशीवर वळवायचं, पुसून घ्यायचं, कपडे बदलायचे, भरवायचं. मग चालत प्रेसमध्ये. आमच्याकडे ती टायपिंगला होती. मान कीबोर्डवर कायम वाकलेली, म्हणून सगळे तिला वेलांटी म्हणायचे. तिला राग यायचा नाही. म्हणायची, "ऱ्हस्व म्हणा नाहीतर दीर्घ, पगार वेळेवर द्या."

मी त्याच प्रेसमध्ये कटिंग मशीनवर होतो. आयुष्यभर कागद कापला. काम कोण मन लावून करतो आणि कोण उरकतो, हे मला पाठीवरून कळतं. वेलांटी उरकणारी नव्हती.

एका दुपारी पेंटर आला. दुकानांच्या पाट्या रंगवायचा तो, माझा जुना दोस्त. आता दोन्ही डोळ्यांनी आंधळा. भिंतीला हात लावत आला आणि वेलांटीच्या टेबलाशी उभा राहिला.

"बाई गं, तुमच्या फायलीत माझी बायको आहे. पण तिच्या तोंडून दुसरंच कोणीतरी बोलतंय."

"पेंटरकाका, आधी बसा तरी," वेलांटी म्हणाली.

त्याची बायको वारली होती. जाण्याच्या काही वर्षं आधी तिने स्वतःच्या आयुष्याबद्दल एक छोटं पुस्तक लिहून आमच्याकडे छापून घेतलं होतं. प्रती वाळवीने खाल्ल्या. मालकाने जुनी फाईल शोधून त्यावरून पीडीएफ काढली आणि पेंटरच्या मोबाइलवर पाठवली. मोबाइल लिहिलेलं वाचून दाखवतो, त्यावरच पेंटरचा सगळा कारभार. पीडीएफ आम्ही पाहिली. स्वच्छ मराठी, एक कानाही इकडचा तिकडे नाही.

पेंटरने मोबाइल लावला.

सपाट आवाजात मोबाइल बोलायला लागला. "महिरपी कंस. ई. ए. चौकोनी कंस. ओ." मध्येच टक्का, मध्येच डॉलर. थांबत नव्हता. पान संपलं की मात्र तोच आवाज स्पष्ट म्हणायचा, "सात." आणि पुन्हा तेच पुटपुटणं.  आम्हाला समोर त्याच्या बायकोचं मराठी दिसत होतं आणि ऐकू हे येत होतं.

"मोबाइल बिघडला असेल," मी म्हणालो.

"तुझं डोकं बिघडलंय, कटर," पेंटर म्हणाला. "वर्तमानपत्र नीट वाचतो तो."

वेलांटीने मला समजावलं. फाईल जुन्या फॉन्टमधली. त्या फॉन्टमध्ये मराठी अक्षर नुसतं वरचं चित्र असतं, आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं भरलेली असतात. डोळ्याला प दिसतो, आत महिरपी कंस असतो. माणूस चित्र वाचतो, मोबाइल आतलं वाचतो. युनिकोडमध्ये प आतही प असतो. म्हणजे सगळं नव्याने युनिकोडमध्ये उतरवायला हवं.

तिने आधी जुना फॉन्ट आपोआप बदलणारा प्रोग्राम चालवून पाहिला. तो दुसऱ्या फॉन्टसाठी केलेला निघाला. निम्मी अक्षरं बदलली, उरलेली भलतीच झाली, वेलांट्या शेजारच्या अक्षरावर जाऊन बसल्या. तिने ते पुसून टाकलं आणि हाताने टाइप करायला घेतलं. रोजचं काम संपवून, जेवणाच्या सुट्टीत. प्रत्येक पान झालं की डोळे मिटून मोबाइलवर ऐकायची. आवाज अडखळला की परत तपासायची. असं काम मी कमी लोकांचं पाहिलंय.

पुस्तक झालं. पेंटर घेऊन गेला. चार दिवसांनी परत आला.

"अकरावं पान अर्धं आहे."

"अर्धंच आहे, काका. खाली जागा कोरी आहे. मी स्वतः पाहिलं."

"आधीच्या आवाजात ते अर्धं नव्हतं. दहा म्हटल्यावर ती खूप वेळ बोलायची, मग अकरा म्हणायची. मी ते रोज ऐकलंय, बाई. शब्द कळायचे नाहीत, पण एक पुटपुटणं पुन्हा पुन्हा तसंच यायचं. महिरपी कंस, ई, ए, चौकोनी कंस. तुझ्या टायपिंगशी ताडून पाहिलं. ती मला पेंटर म्हणायची. जिथे जिथे पेंटर आहे, तिथे तिथे तेच येतं." त्याने मोबाइल पुढे केला. "अकराव्या पानावर खालच्या भागात ते चार वेळा आहे. ती माझ्याबद्दल काहीतरी बोलतेय आणि मला कळत नाही."

 स्क्रीनवर अकरावं पान होतं. खालचा अर्धा भाग कोरा पांढरा.

वेलांटी कोपऱ्यातल्या जुन्या कॉम्प्युटरकडे गेली. जुना फॉन्ट आणि मूळ फाईल तिथेच चालायची. त्या कोऱ्या जागेवर तिने माउस दाबला. कोपऱ्यांवर ठिपके उमटले. ती जागा कोरी नव्हती. पांढरी चौकट ठेवली होती.

आमच्या आधीच्या टायपिस्टची ही सवय. छपाईच्या तोंडावर मजकूर काढायला सांगितला तर तो खोडायचा नाही, कारण मग पुढची सगळी पानं वर सरकणार. वर पांढरी चौकट ठेवायची, काम फत्ते. कागदावर काही दिसत नाही. पण पीडीएफमध्ये मजकूर चौकटीखाली तसाच राहतो, आणि मोबाइलला चौकट कुठली दिसायला.

वेलांटीने चौकट बाजूला ओढली. वाचलं. मीही वाचलं.

"काय आहे?" पेंटरने विचारलं.

"काका, हे काकूंनी स्वतः झाकायला सांगितलेलं दिसतंय."

"माझ्यापासून?"

तिने माउसवरचा हात काढला.

"बाई, डोळे गेले तेव्हापासून सगळे मला काय काय दाखवायचं नाही ते ठरवतात. हे ऐकायला मी सकाळ-दुपार ते भूत कानाला लावून बसलोय. वाच, नाहीतर टाइप कर. मला तिचं अर्धं नको."

वेलांटीने माझ्याकडे पाहिलं. मी होकाराची मान हलवली. तिने ते टाइप केलं, खाली पानाचा आकडाही घातला. सावकाश, एकेक अक्षर. मग ते पेंटरच्या मोबाइलवर पाठवलं. त्याने मोबाइल कानाशी धरला. त्याच सपाट आवाजात, पण आता मराठीत, त्याची बायको बोलली:

"पेंटरची नजर जातेय हे त्याच्या आधी मला कळलं. पाटीवरची ओळ खाली घसरायला लागली. पेंटर सकाळी फिरायला गेला की मी ओळ पुसून सरळ करते. पेंटरला वाटतं, हात अजून पक्का आहे. पेंटरला हे कधीही कळू नये."

मोबाइल म्हणाला, "अकरा." आणि थांबला.

 पेंटरने मोबाइल मांडीवर ठेवला.

"रात्री लावलेला रंग सकाळी ओला असायचा," तो म्हणाला. "फिरून आलो की मी बोट लावून बघायचो. स्वतःला सांगायचो, आज हवा दमट आहे." त्याने बोटं एकमेकांवर घासली. "मीही तिला बोललो नाही. परत लाव गं."

वेलांटीने परत लावलं. त्याने दोनदा ऐकलं आणि भिंत चाचपत निघून गेला.

त्याच महिन्यात मालकाने जुना कॉम्प्युटर भंगारात काढला. हातगाडी दारात उभी होती. वेलांटी आडवी आली.

"भंगारवाला देतो तेवढे मी देते."

"काय करणार त्याचं? मोठा ठोकळा आहे नुसता."

"त्यात अजून किती चौकटी आहेत ते बघायचं आहे."

मालक हसला, पण पैसे घेतले. सासूच्या औषधाचे बाजूला काढून त्या महिन्याच्या पगारात जे उरलं होतं ते सगळं त्यात गेलं. हातगाडीवाल्यानेच तो तिच्या घरी पोहोचवला.