घरात आलेली माईकची भाषा

"नमस्कार. मी दत्तात्रय बोलतो आहे. आपणांस कळविण्यास अत्यंत दुःख होते की..."

एवढं ऐकलं आणि मी हातातली भाजीची पिशवी जिन्यातच खाली ठेवली. पुढचं ऐकायची गरजच नव्हती. दत्तू माझा मामेभाऊ. सायखेड्याला द्राक्षं आणि कांदा करतो. त्याचा फोन एरवी "हॅलो, हाय का जित्ता?" असा सुरू होतो आणि शिवीवर संपतो. त्याने मला जन्मात कधी 'आपणांस' म्हटलं नव्हतं. ते वाक्य त्याचं नव्हतंच, त्याच्या वडिलांचं होतं. म्हणजे माझ्या नानामामाचं. पंचक्रोशीतल्या कित्येक माणसांच्या जाण्याची बातमी नानाने त्याच वाक्याने दिली होती, आणि आता त्याची स्वतःची बातमी त्याच वाक्यावर बसून नाशिकला माझ्यापर्यंत आली होती.

नाना लासलगावच्या कांदाबाजारात नोकरीला होता. ट्रॅक्टरांच्या रांगा, धूळ, लिलावाचा गलका, आणि त्या सगळ्यावर नानाचा भोंग्यातून येणारा आवाज : "शेतकरी बांधवांना नम्र विनंती आहे, आपली वाहने कृपया एका रांगेत उभी करावीत." त्या आवाजामुळे गावानेच त्याच्या हातात दुसरा माईक दिला. नदीकाठच्या घाटावर कुणाचाही दशक्रिया विधी असला, की श्रद्धांजलीच्या भाषणांचं सूत्रसंचालन नानाकडे. पांढरी टोपी, खाकरून साफ केलेला गळा, आणि मग 'आहे', 'होते', 'लाभले', 'अर्पण करण्यात येत आहे'. एकही 'ण' घसरायचा नाही. घाटावर उभं राहून ऐकताना वाटायचं, हा माणूस घरी काय बोलत असेल!

घरी तो काय बोलायचा ते मी सांगतो. "काय रं भाच्या, लय दिसांनी! बस. ए, पानी दे गं याला, वाळून चालला पार." हाच माणूस, हाच गळा. चप्पल उंबऱ्याबाहेर निघाली की तिच्याबरोबर 'आहे' बाहेर राहायचं आणि आत 'हाय' सुरू व्हायचं. माईक तो पिवळ्या पंच्यात गुंडाळून ओसरीच्या फळीवर ठेवायचा. मामी त्याला आत येऊ द्यायची नाही. "मयताचं बोलनं हाय त्यात, घरात नको," म्हणायची. आम्ही हसायचो. मी तर जास्तच, कारण मी नाशिकला कॉलेजात शिकत होतो आणि मला सगळं कळत होतं.

किती कळत होतं त्याचा एक नमुना. पहिल्या वर्षाच्या दिवाळीत मी सायखेड्याला गेलो आणि चुलीपाशी बसून मामीला म्हणालो, "मामी, मला थोडं पाणी हवं आहे." नाना भाकरीचा तुकडा मोडत होता. त्याने मान वर केली, चेहरा एकदम गंभीर केला आणि विचारलं, "कोन वारलं रं?" सगळं घर हसून लोळलं. मामीने तांब्या पुढे केला तो हसण्याने हिंदकळून माझ्याच मांडीवर. तेव्हापासून त्या घरात कुणीही शुद्ध बोललं की ठरलेलं होतं... "कोन वारलं?" दत्तू परीक्षेसाठी निबंध मोठ्याने पाठ करू लागला की आतून मामी विचारायची. मीही नंतर शहाणा झालो. सिडकोतल्या घरी 'आहे', ऑफिसात 'आहे', आणि सायखेड्याचा पूल ओलांडला की आपोआप 'हाय'. बायको म्हणायची, "तुमचा नेमका खरा आवाज कोणता?" मी म्हणायचो, "ज्या बाजूला जेवण असेल तो."

नानाचं तसं नव्हतं. त्याच्या लेखी दोन्ही खरे होते, फक्त त्यांच्या जागा ठरलेल्या होत्या. भांडण, बैल, लहान पोर, बायको, हे सगळं घरच्या बोलीत. अर्ज, सभा, देवाची आरती, मरण, हे दुसरीत. गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरची माणसंही तशीच, तोंडाने जन्मभर 'हाय' म्हणणारी, पण तिथे लिहिताना 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिणार. 'लय वाईट झालं' असं कुणी लिहीत नाही. एकदा मी नानाला विचारलं, घाटावर आपलं नेहमीचं का नाही बोलत? तो म्हणाला, "आपल्या बोलन्यात बोललं ना, तर रडू येतं रं. त्या बोलन्यात येत नाय. म्हनून तर ते हाय." मला त्यात विनोद दिसला होता. पुढे माझी आजी, म्हणजे त्याची आई गेली. दशक्रियेला माईक त्यानेच धरला. "कैलासवासी मातोश्रींच्या पवित्र स्मृतीस..." इथवर नीट आला, आणि मग भोंग्यातून सगळ्या घाटावर ऐकू आलं, "माय माझी लय..." पुढे काही नाही. नुसता श्वास. माणसं खाली बघू लागली. कुणी पाय बदलले, कुणी उगीच खोकलं. जणू तो घाटावर उघडा झाला होता. दत्तूने बटण बंद केलं, आणि सगळ्यांनाच बरं वाटलं.

गेल्या हिवाळ्यात मी सायखेड्याला गेलो होतो. द्राक्षांना मणी धरले होते. मामी लसूण सोलत होती. नाना आत आला, पाटावर बसला आणि म्हणाला, "मला थोडे पाणी देता का?"

मामी हसली. तिने न बघताच विचारलं, "कोन वारलं?"

नाना हसला नाही. तो तिच्याकडे बघत राहिला आणि पुन्हा तेच म्हणाला, अगदी नम्रपणे, "मला थोडे पाणी देता का आपण?"

मामीच्या हातातली पाकळी हातातच राहिली. "आवं, असं काय बोलून ऱ्हायले तुम्ही?" मी हसत होतो, मला वाटलं आता तो डोळा मारणार. पण त्याच्या कपाळावर घाम होता. तोंड उघडून तो काहीतरी शोधत होता, आणि जे मिळत होतं ते सगळं माईकवरचंच मिळत होतं. "मला... अस्वस्थ वाटत आहे. क्षमस्व." लग्नाच्या बायकोला 'क्षमस्व'! मामी उठली, त्याला पाणी दिलं, आणि मग ओसरीवर जाऊन फळी बघून आली. माईक जागेवरच होता. पंचा सुटलेला नव्हता. मला ती म्हणाली, "घरात आलं रं ते."

दुसऱ्याच दिवशी आम्ही त्याला नाशिकला आणलं. पहिल्या दवाखान्यात डॉक्टर खूश झाले. नाव विचारलं, गाव विचारलं, नानाने सगळं सुरेख सांगितलं. "बोलणं तर एकदम स्वच्छ आहे," ते म्हणाले. मामी पदर तोंडाशी धरून म्हणाली, "साहेब, हे बोलनं यांचं नाय." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी काय समजावणार? आमचे नाना फार चांगलं बोलू लागलेत, लवकर काहीतरी करा?

पुढे मेंदूच्या डॉक्टरीणबाई भेटल्या, सटाण्याकडच्या, माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी मात्र मामीचं शेवटपर्यंत ऐकलं. मग नानाला चक्क घरगुती बोलीत विचारलं, "काय नाना, जेवले का? काय कालवन व्हतं?" नानाला सगळं कळलं. उत्तर आलं, "होय. वांग्याची भाजी होती. उत्तम होती." बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "यांच्याकडे डायग्लॉसिया आहे, तुम्हाला माहीत असेलच." मी हादरलो. विचारलं, "गोळ्यांनी बरा होईल ना?" त्या ओठ दाबून हसल्या. "तो आजार नाही, काका. तो मलाही आहे, तुम्हालाही आहे. आमच्या घरी 'आहे' नसतंच, 'शे' असतं. आईला फोन केला की मी म्हणते, काय करी ऱ्हायनी माय? आणि इथे खुर्चीत बसले की हे असं." मग नीट सांगितलं. एकाच समाजात भाषेची दोन रूपं असतात. एक मांडीवर शिकलेलं, घरातलं, ते कुणी शिकवत नाही आणि फारसं कुणी लिहीतही नाही. दुसरं शाळेत शिकलेलं, सभेतलं, कागदावरचं. त्याला मान जास्त, पण ते कुणाच्याच चुलीपाशी बोललं जात नाही. दोघांची कामं वाटलेली. एकाच्या जागी दुसरं आलं की माणसं हसतात, नाहीतर दचकतात. "हे सगळ्यांचं. पण नानांच्या डोक्यात काहीतरी दाबतंय, आणि त्यात घरचा कप्पा अडकलाय असं दिसतं. असं क्वचित होतं. मांडीवरचं जाऊन शाळेतलं का उरलं, ते मलाही नक्की सांगता येणार नाही."

तपासणीत गाठ दिसली. खोल होती, हात लावण्यासारखी नव्हती. नाना घरी आला.

त्यानंतर त्या घरात जे होतं, ते मला अजून नीट सांगता येत नाही. दुखणं होतंच, पण भीती त्या बोलण्याची होती. एक सभ्य, परका माणूस नानाच्या पलंगावर पडून सगळ्यांचे आभार मानायचा. दत्तूला 'आपण' म्हणायचा. दत्तू बाहेर जाऊन गोठ्यापाशी उभा राहायचा. मामीला एकच हवं होतं. नाना तिला नावाने कधी हाक मारायचा नाही, नुसतं "ए" म्हणायचा. तेवढं एकदा ऐकायचं होतं तिला. ती त्याला आठवणी काढून द्यायची, मुद्दाम भांडण उकरून काढायची. "तुमची माय लय खवट व्हती," असं म्हणून वाट बघायची. तो समजून हसायचा आणि म्हणायचा, "तसे म्हणू नये." आणि त्याच्या डोळ्यांत पाणी नसायचं. ज्या बोलण्यात रडू येत नाही, नेमक्या त्याच बोलण्यात तो अडकला होता.

माझ्या शेवटच्या भेटीतली दुपार. नाना पार वाळला होता. मामी पाय चेपत होती, मी खिडकीशी. तो म्हणाला, "आपण थोडा वेळ बसाल का?" त्याचा हात चादरीवर चाचपडत होता. मामी नेहमीसारखी "बसलीच हाय की" म्हणेल असं मला वाटलं. ती थांबली. डोक्यावरचा पदर सारखा केला, चौथीतली पोर कविता म्हणायला उभी राहते तशी ताठ झाली, आणि एकेक शब्द जपून ठेवत म्हणाली, "हो. मी बसते आहे. आपण... आपण काळजी करू नये."

त्या बाईने जन्मात 'आहे' म्हटलं नव्हतं. नानाचा हात थांबला. त्याने तिच्याकडे पाहिलं, ओळख पटल्यासारखं. "आभारी आहे," म्हणाला. आणि ती म्हणाली, "मीसुद्धा." मी खिडकीबाहेर कांद्याच्या चाळीकडे बघत राहिलो. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं.

दशक्रियेला भाषणं झाली. माईक दत्तूने धरला. मीही बोललो, सगळे 'ण' सांभाळून. रडलो नाही.

परवा हा लेख घेऊन सायखेड्याला गेलो. छापायच्या आधी मामीला ऐकवावा असं वाटलं. ओसरीवर बसलो, डोक्यावर ती फळी, फळीवर पिवळा पंचा. मामी आत चुलीपाशी कोथिंबीर निवडत होती. ऐकू जावं म्हणून मी जरा मोठ्याने सुरुवात केली : "नमस्कार. मी दत्तात्रय बोलतो आहे. आपणांस कळविण्यास..."

आतून, काम न थांबवता, सवयीने आवाज आला, "कोन वारलं रं?"

मग कोथिंबीर खुडण्याचा आवाज थांबला.