देवानंदभाऊ आणि मी खोडलेली ओळ

रविवारी विहारात वंदना सुरू होण्याआधी दारातल्या चपला सरळ रांगेत लागलेल्या दिसल्या, की देवानंदभाऊ आत आले आहेत हे कळतं. त्यांना हे कुणी सांगितलेलं नाही. हिंगणघाटहून पंचविशीत ते लखनौला आले, तेव्हापासून लावतात म्हणे. लावून झाल्या की मागच्या सतरंजीच्या कोपऱ्यावर बसतात. त्रिशरण म्हणताना त्यांचा आवाज कधी ऐकू येत नाही, ओठ तेवढे हलतात.

आता त्यांचं वय चोपन्न. लखनौच्या महानगर नावाच्या भागातल्या एका शाळेची व्हॅन ते सोळा वर्षं चालवत होते. राहायला बख्शी का तालाबच्या बाजूला, दोन खोल्या. पहाटे साडेचारला उठायचं, बायकोने, गीतावहिनींनी, बांधलेला डबा घ्यायचा, सायकलने शाळेपर्यंत यायचं. सोळा वर्षांत व्हॅनला ओरखडा नाही, हे ते स्वतःहून सांगत नाहीत, पण विचारलं तर सांगतात. मुलं त्यांना ‘चच्चू’ म्हणतात. ज्या मुलांना सोडलं, त्यातल्या काहींची मुलंही आता याच व्हॅनमध्ये बसतात, असं ते गमतीने म्हणायचे. सोळा वर्षांत ते कसं शक्य आहे, असं मी एकदा हिशेब करून विचारलं, तर म्हणाले, “वहिनी, बोलू द्या ना.”

यंदा जूनमध्ये शाळेने व्हॅन एका ठेकेदाराकडे दिल्या. जुन्या ड्रायव्हरांना सांगितलं, ठेकेदाराकडे यायचं असेल तर पंधरा तारखेपर्यंत कागदावर सही करा, पगार थोडा कमी होईल. भाऊंनी कागद घरी आणला. सही करायचीच होती. दुसरं काही नव्हतंच.

बारा तारखेच्या दुपारी माझ्या फोनवर एक मेसेज आला. ‘बधाई हो, आपका बायोडाटा सिलेक्ट हो गया है.’ खाली एअरपोर्टवर ड्रायव्हरची जागा, चांगला पगार, राहण्याची सोय. फक्त पाच जागा शिल्लक, दोन तासांत या नंबरवर कॉल किंवा व्हॉट्सॲप करा.

मी कशाला कुणाला बायोडाटा पाठवते? मला स्कूटीसुद्धा येत नाही. चुकून आला असेल, असं वाटलं. आणि लगेच दुसरं वाटलं, आपल्या समाजातल्या कुणाच्या तरी कामी येईल.

आमच्या विहाराचा ग्रुप आहे, त्यात नव्वद माणसं आहेत. मी त्यात रोज काही ना काही टाकते. मुलगी सृष्टी नेहमी ओरडते, “मम्मी, फॉरवर्ड मत किया करो, लोग पढ़ते ही नहीं.” फॉरवर्डची खूण दिसली की लोक वाचत नाहीत म्हणून मी हल्ली मजकूर कॉपी करून नव्याने पाठवते. तसाच हाही केला. बायोडाटा सिलेक्ट झाल्याची पहिली ओळ काढून टाकली, कारण ग्रुपमध्ये तिला अर्थ नव्हता. पाच जागा, दोन तास, हेही काढलं. लोकांना घाई करणं बरं दिसत नाही. बाकी मराठीत लिहिलं आणि शेवटी, मी प्रत्येक मेसेजखाली लिहिते तसं, ‘जय भीम’ लिहिलं.

माझ्या रोजनिशीच्या वहीत त्या दिवशी लिहिलं आहे: ग्रुपवर नोकरीची माहिती टाकली. संध्याकाळी पालक केला.

चौदा तारखेला भाऊ पेढ्यांचा पुडा घेऊन आले. मी त्यांना एवढं बोलताना कधी पाहिलं नव्हतं.

“वहिनी, तुमच्यामुळे झालं. लागलो मी.”

“अहो, कुठे?”

“एअरपोर्टवर. सामानाची गाडी चालवायची. साहेब फारच चांगला माणूस आहे, हर्षवर्धन नाव. मी फोन केला, त्याने विचारलं नंबर कुठून मिळाला. मी म्हणालो, हमारे विहार के ग्रुप से, नीचे जय भीम लिखा था. तर तो लगेच म्हणाला, जय भीम भाईसाहब, फिर तो आप घर के आदमी हैं.”

गीतावहिनी त्यांच्या मागे उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “इंटरव्ह्यू नाही, काही नाही. मी म्हटलं, असं कसं? तर हे म्हणाले, आपल्या माणसाला इंटरव्ह्यू कशाला.”

“आणि कमलावहिनींनी टाकलंय म्हटल्यावर,” भाऊ म्हणाले.

ऑफर लेटर त्यांनी फोनवर दाखवलं. वर विमानाचं चित्र, खाली गोल शिक्का. मेडिकलचे पैसे भरले, युनिफॉर्मचे भरले, गेटपासचे भरले. पहिल्या पगाराबरोबर सगळे परत मिळणार होते. आधार आणि लायसन्सचे फोटो पाठवले होते. मी पेढा खाल्ला. विचारलं काही नाही. शाळेच्या कागदाचं काय, एवढं विचारलं, तर म्हणाले, “परत केला, सही न करता. म्हटलं दुसऱ्या कुणाला तरी जागा मिळू दे.”

वीस तारखेला रुजू व्हायचं होतं. त्या दिवशी ते नवे काळे बूट घालून सकाळी सातला एअरपोर्टच्या गेटवर उभे राहिले. हर्षवर्धन साहेबाचा फोन बंद होता. दहा वाजता गेटवरच्या जवानाने लेटर हातात घेतलं, वरून खालपर्यंत पाहिलं आणि परत दिलं. म्हणाला, “चाचा, इस हफ्ते में आप तीसरे हैं. घर जाइए.”

ते घरी गेले नाहीत. आमच्याकडे आले. दुपारचे साडेबारा झाले असतील. मी भाकरी टाकत होते. बूट त्यांनी दाराबाहेर काढून नीट लावले होते. खुर्चीवर बसले, पाणी प्यायले. मग म्हणाले,

“वहिनी, तो माणूस तुमच्या ओळखीचा होता ना?”

मी नाही म्हणाले.

त्यांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. राग नव्हता चेहऱ्यावर. रागावले असते तर मला काहीतरी करता आलं असतं. तव्यावरची भाकरी जळल्याचा वास आला, मी उठून गॅस बंद केला आणि परत येऊन बसले.

मी ह्यांना बँकेत फोन केला. हे एका बँकेत आहेत, ऑफिसर. जेवायच्या सुट्टीत स्कूटरने आले. बूटसुद्धा न काढता भाऊंचा फोन मागितला आणि १९३०, सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर, लावला. दोनदा लागला नाही, तिसऱ्यांदा लागला. कोणत्या तारखेला, कोणत्या खात्यात, व्यवहाराचा नंबर काय, सगळं एकेक विचारत गेले. भाऊ शाळेत उभं केल्यासारखे उत्तरं देत होते. तक्रारीचा नंबर मेसेजने आला.

“मिळतील का?” भाऊंनी विचारलं.

“पहिल्या तासात फोन केला असता तर पैसे खात्यात अडकवता आले असते,” हे म्हणाले. “आता आठ दिवस झाले. तिथे काही उरलं असेल तर मिळेल. खोटी आशा देत नाही तुम्हाला.”

मग ऑफर लेटर पाहत म्हणाले, “पैसे कुणाच्या नावावर गेले?”

“कुणी बाई होती. सोनी काहीतरी.”

“कंपनीची नोकरी आणि पैसे एका बाईच्या खात्यात. भाऊ, नोकरी देणारा पैसे मागत नाही. मेडिकलचे नाही, युनिफॉर्मचे नाही, परत मिळणारे तर मुळीच नाही. आणि कंपनीचा पत्ता, ऑफिसचा फोन, काही नाही? नुसता एक मोबाईल नंबर?”

“ग्रुपवर होतं ना पण,” भाऊ म्हणाले. “वहिनींनी लिहिलेलं.”

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. “मी रोज काउंटरवर लोकांना हेच सांगतो. घरात सांगायचं राहिलं बघ.”

संध्याकाळी सृष्टी कॉलेजातून आली. मी तिला मूळ मेसेज दाखवला. तिने दोन्ही शेजारी धरून वाचले.

“मम्मी, ये पहली लाइन क्यों हटाई?”

“ग्रुपमध्ये अर्थ नव्हता तिला.”

“इसी से तो पता चलता. जिसने अप्लाई ही नहीं किया, वो सिलेक्ट कैसे होगा? और दो घंटे वाला भी हटा दिया.” मग हळूच म्हणाली, “आपने तो साफ़ करके भेज दिया.”

खरं होतं. ज्या ज्या गोष्टीने माणूस थांबला असता, ती ती मी काढली होती. आणि ज्याने विश्वास बसतो ते खाली लिहिलं होतं.

रोज सकाळी मी पंचशील म्हणते. चौथं खोटं न बोलण्याचं. दुसऱ्या दिवशी म्हटलं, तिसऱ्या दिवशीही म्हटलं. त्या ओळीशी आल्यावर मनात काहीतरी होईल असं वाटत होतं, पण काही झालं नाही. मेणबत्ती लावली, पाया पडले, कुकर लावला.

रविवारी मी तो मूळ मेसेज, एकही शब्द न काढता, ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, की हा असा आला होता आणि मी काय काय काढलं. आणखी कुणी या नंबरवर बोललं असेल तर १९३० वर आजच फोन करा. त्याखाली जय भीम लिहिलं नाही. तो नंबर सृष्टीने फसव्या नंबरांसाठी असलेल्या सरकारच्या चक्षू पोर्टलवर कळवला. ग्रुपमधून दोघांचे फोन आले. त्यांनी पैसे भरले नव्हते, आधार मात्र पाठवलं होतं. ह्यांनी त्यांना आणि भाऊंना आधारचं बायोमेट्रिक लॉक करून दिलं.

शाळेतली जागा गेली होती. ठेकेदाराने भाऊंचं नाव बदली ड्रायव्हरांच्या यादीत घातलं. कुणी ड्रायव्हर आला नाही तर पहाटे फोन करू, म्हणाला. भाऊ रोज साडेचारला उठून, कपडे करून, फोन समोर ठेवून बसायचे. गीतावहिनी डबा बांधून ठेवायच्या. नऊ वाजले की दोघं तोच डबा घरी खायचे.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात पहाटे फोन वाजला. नंबर ओळखीचा नव्हता. भाऊंनी उचलला नाही. परत वाजला. गीतावहिनी म्हणाल्या, “घ्या की.” ते म्हणाले, “अनोळखी आहे.” ठेकेदाराच्या माणसाने तिसऱ्यांदा लावला नाही, दुसऱ्याला बोलावलं.

हे कळल्यावर मी त्यांना काय सांगणार होते? उचला म्हणावं तर पुन्हा कुणी फसवेल, उचलू नका म्हणावं तर काम जाईल.

मार्ग त्यांनी स्वतःच काढला. सायकल काढली, शाळेत गेले, ऑफिसच्या खिडकीशी उभे राहिले आणि विचारलं, ठेकेदाराची माणसं कोणत्या कोणत्या नंबरवरून बोलावतात. ऑफिसातल्या बाईंनी तीन नंबर लिहून दिले. ते भाऊंनी ठेकेदाराच्या नावाने फोनमध्ये घातले, कागदावर लिहून भिंतीलाही चिकटवले. तिन्ही नंबर त्यांनी तिथेच खिडकीशी उभं राहून एकदा लावून पाहिले.

गेल्या रविवारी वंदनेला मी उशिरा पोचले. चपला रांगेत लागून झाल्या होत्या. माझ्या मी घाईत कशाही काढल्या आणि मागे बसले. भाऊ उठले, बाहेर गेले, माझ्या चपला इतरांसारख्याच सरळ करून आले आणि आपल्या कोपऱ्यावर बसले.

वंदनेच्या मध्येच त्यांचा फोन थरथरला. त्यांनी खिशातून काढून नाव वाचलं, मग पुन्हा वाचलं. उठून दाराबाहेर गेले. “हाँ जी, सोमवार? आ जाऊँगा,” एवढं ऐकू आलं.

आत आले तेव्हा आम्ही चौथ्या शीलावर होतो. त्यांचे ओठ हलायला लागले.