मुदतवाढ मिळेलच

माझ्या बायकोनं फ्रिजवर वेळापत्रक चिकटवलं तेव्हा मी हसलो होतो, हे आधीच सांगून टाकतो. पोरीच्या सीईटीचा निकाल लागून दोनच दिवस झाले होते. निकाल चांगला होता. आमच्या प्रवर्गातून अमरावतीच्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटर मिळेल, एवढा चांगला, आणि अकरावीपासून तिला तेच पाहिजे होतं. बायको प्राथमिक शाळेत शिकवते. नोंदणी, कागद तपासणी, तात्पुरती यादी, पसंतीक्रम, फेऱ्या, फी, सगळ्या तारखा तिनं फुटपट्टीनं आखून लाल पेनानं गोल केल्या होत्या. मी म्हटलं, ही काय बालवाडी आहे?

मी अकोल्याच्या कोर्टात पंचवीस वर्षं वकिली करतो. तारीख म्हणजे काय ते मला कोणी शिकवू नये, असं माझं ठाम मत होतं. तारीख वाढते. वाढली नाही तर अर्ज द्यायचा, मग वाढते. मूर्तिजापूरकडची एक बाई वाटणीच्या दाव्यात नऊ वर्षं माझ्याकडे येते आहे. दर तारखेला पिशवीत भाकर बांधून येते, बाकड्यावर बसते आणि विचारते, "वकीलसाहेब, आज होईन का?" मी पुढच्या वेळचं सांगतो. ती बरं म्हणते आणि बस धरते. यात काही चुकतंय असं मला कधी वाटलं नाही.

त्या दिवसांत अकोल्यात जो उठेल तो प्रवेशतज्ज्ञ झाला होता. शिकवणीवाले पैसे घेऊन पसंतीक्रमाच्या याद्या विकत होते. ज्यांना स्वतःच्या पोराची जन्मतारीख आठवत नाही असे बाप गेल्या वर्षीचे कटऑफ तोंडपाठ म्हणून दाखवत होते. पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पहाटे पाचपासून "कोणाचं लॉगिन होतंय का" सुरू व्हायचं. मला या सगळ्या धावपळीची किळस आली होती. सरकारी वेळापत्रकाला इतकं घाबरणारी माणसं कोर्टात एक दिवस टिकली नसती, असं मी बाररूममध्ये चहा पिताना मोठ्यानं बोलून दाखवायचो.

आमचे बाकीचे कागद तयार होते. जातीचा दाखला होता, वैधता होती. फक्त नॉन-क्रीमी लेयरचं प्रमाणपत्र मार्चअखेर संपलं होतं. नव्यासाठी बापाच्या तीन वर्षांच्या उत्पन्नाचे कागद लागतात. माझी दोन वर्षांची रिटर्न सापडली, तिसऱ्याची कुठल्या फायलीत गेली कोणास ठाऊक. मी दोनच जोडून सेतू केंद्रात अर्ज टाकला आणि पावती घेऊन आलो. नोंदणीला पावती चालत होती. मूळ प्रमाणपत्र नंतर ठरलेल्या तारखेपर्यंत द्यायचं, नाहीतर पोरगी खुल्या प्रवर्गात. बायकोनं त्या तारखेभोवती दोन गोल केले.

आठवडाभरात फोनवर निरोप आला की अर्जात त्रुटी आहे, तिसऱ्या वर्षाचा कागद जोडा. मी तो वाचला आणि दुसऱ्या दिवशीच्या एका दाव्याचे युक्तिवाद तयार करायला बसलो.

मग काय झालं, तर नोंदणीला मुदतवाढ मिळाली. मी जेवताना बायकोकडे नुसतं पाहिलं. पुढे कागद तपासणीलाही मिळाली. तेव्हा मात्र मी गप्प बसलो नाही. सरकार कसं चालतं, खालची यंत्रणा कशी ढिली असते, त्यामुळे वरच्यांना मुदत कशी वाढवावीच लागते, असं सगळं मी दोघींना अर्धा तास समजावलं. बायको भांडी घासायला उठून गेली. पोरगी ऐकत राहिली. माझं झाल्यावर म्हणाली, "बाबा, प्रमाणपत्राच्या तारखेपुढं मुदतवाढ लिहेल नाई."

मी म्हटलं, लिहितील.

नाही लिहिली. चार दिवस उरले तेव्हा मी पहिल्यांदा जागचा उठलो. रिटर्नची प्रत कर सल्लागाराकडून घेतली, त्याला दहा मिनिटं लागली. म्हणजे ती कधीही मिळाली असती. कागद जोडला, तहसीलमधून अर्ज पुढे सरकला, आणि सही करणारे एसडीओ साहेब दौऱ्यावर. एरवी जिथं मला पाहून बाबू खुर्ची देतात तिथं मी दोन दिवस उभा होतो. वकीलसाहेब म्हणून ओळखणारा कोणी सापडला नाही.

शेवटच्या दिवशी पावणेपाचला मी पोरीला घेऊन प्रवेशाच्या सुविधा केंद्रावर गेलो. तिथली ऑपरेटर माझ्या पोरीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल. मी तिला अर्ज प्रलंबित असण्याचं कायदेशीर महत्त्व सांगितलं. चूक कार्यालयाची आहे, विद्यार्थ्याची नाही, हे सांगितलं. यातलं दुसरं धादांत खोटं होतं आणि पोरगी शेजारीच उभी होती. ऑपरेटरनं सगळं ऐकून घेतलं, पाणी दिलं आणि सांगितलं की काका, माझ्या हातात काही नाही, पाच वाजता हे आपोआप बंद होतं. पाच वाजता ते आपोआप बंद झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला प्रमाणपत्र आलं. सही, शिक्का, सगळं बरोबर.

अंतिम यादीत पोरीचं नाव खुल्यात गेलं. त्यानंतर फ्रिजवरच्या वेळापत्रकाला मी हात लावला नाही, कोणी लावूही दिला नसता. पोरीनं पसंतीक्रम स्वतः भरला आणि शेवटच्या तारखेच्या दोन दिवस आधी कन्फर्म केला. पहिल्या फेरीत चौथी पसंती लागली, अमरावतीतलंच एक खाजगी कॉलेज. तिनं त्याच संध्याकाळी जागा स्वीकारायची फी भरली आणि जागा हातात ठेवून पुढच्या फेरीत चांगली मिळते का बघायचा पर्याय निवडला. दुसरी फेरी झाली, तिसरी झाली, चौथी झाली. सरकारी कॉलेजातल्या कॉम्प्युटरचा खुल्या प्रवर्गाचा कटऑफ दर वेळी तिच्या जरासाच वर राहिला. तिथं आमच्या प्रवर्गातून लागलेली शेवटची मुलगी तिच्या खाली होती. ते मी पाहिलं. तिनंही पाहिलं असणार.

प्रवेशासाठी आम्ही दोघं रेल्वेनं बडनेऱ्याला उतरलो आणि ऑटो केला. वाटेत सरकारी कॉलेजचं गेट लागतं. ती दुसऱ्या बाजूला पाहत बसली. प्रमाणपत्र मुदतीत दिलं नाही म्हणून मुलींची फीमाफीही नाही, मी पूर्ण फी भरली. मूळ कागद जमा केले, पावती घेतली. सगळं तासाभरात आटोपलं.

परतताना बडनेऱ्याच्या फलाटावर मी तिला सॉरी म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं असेन. ती रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. तिनं पिशवीचा बंद गुंडाळला, सोडला, आणि विचारलं,

"बाबा, ते भाकर घेऊन येतात ना तुमच्याकडं, मूर्तिजापूरच्या मावशी. त्यायले तुमी दर वेळेस असंच सांगता का?"

गाडी आली म्हणून मी उत्तर दिलं नाही, असं मी बायकोला सांगितलं. गाडीला अजून वीस मिनिटं होती.

पुढच्याच आठवड्यात त्या दाव्याची तारीख होती. बाई बाकड्यावर बसलेली. साक्षीदार तयार होता, समोरचा वकील तयार होता. माझीच तयारी नव्हती. महिनाभर घरच्या भानगडीत फाईल उघडली नव्हती. तिनं विचारलं, "वकीलसाहेब, आज होईन का?"

मी तारीख वाढवून घेतली. ती बरं म्हणाली.